१२ आणि ४.३ अँपिअरची बेरीज १५.४ कशी? फेझरने एसीचं गणित

अंबडच्या एमआयडीसीत माझ्या एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे. तिथं मोठी लोडं दोनच: सिंगल फेजवर चालणारा दोन हॉर्सपॉवरचा एअर कॉम्प्रेसर, आणि सुटे भाग धुवायला पाणी तापवणारा एक किलोवॉटचा हीटर. मित्राचा पुतण्या आयटीआयला आहे. गेल्या उन्हाळ्यात तो टाँग टेस्टर घेऊन बोर्डासमोर उभा होता. कॉम्प्रेसरच्या वायरीवर १२.० अँपिअर, हीटरच्या वायरीवर ४.३, आणि दोन्ही चालू असताना मेन वायरीवर १५.४.

"सर, टेस्टर बिघडलाय. सोळा पूर्णांक तीन यायला हवेत. ०.९ अँपिअर गेले कुठं?"

मी त्याला तिन्ही आकडे परत घ्यायला लावले. आकडे तेच आले. टेस्टर ठणठणीत होता, आणि या तीन आकड्यांत त्या मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटचा खऱ्या कामाला लागणारा हिस्सा, दडलेला होता. तो बाहेर काढायला वेगळं वॉटमीटर लागत नाही. फेझर कळला की टाँग टेस्टर आणि कॅल्क्युलेटर पुरतो. तोच हिशोब इथं पायरीपायरीने मांडतो, आणि त्याच वर्कशॉपला कंडेन्सर किती लावायचा तिथपर्यंत नेतो.

आधी रीडिंग नीट घ्या

टाँग टेस्टरच्या जबड्यात एकच वायर हवी. दोन कोअरची अख्खी केबल धरलीत तर फेजचा करंट आणि न्यूट्रलचा परत येणारा करंट एकमेकांचं चुंबकीय क्षेत्र खोडतात आणि टेस्टर शून्याच्या आसपास दाखवतो. म्हणून बोर्डाच्या आत जिथं फेज वायर सुटी असते तिथं धरायचं. झाकण उघडायच्या आधी मेन बंद करा, वायर बाजूला काढून जबडा अडकवा, मग चालू करा आणि हात लांब ठेवा.

दुसरी काळजी कॉम्प्रेसरची. टाकीत हवेचा दाब चढतो तसा मोटरचा करंटही चढतो. पहिलं रीडिंग टाकी रिकामी असताना आणि शेवटचं टाकी भरत आल्यावर घेतलं, तर हिशोबाला अर्थ राहत नाही. दाबाच्या काट्यावर एक खूण ठरवायची आणि तिन्ही रीडिंग काटा त्या खुणेवर आला की घ्यायची. तिन्ही वेळेला मोटर आणि हीटर दोन्ही चालू हवेत, कारण हीटर लागला की व्होल्टेज थोडं बसतं आणि मोटरचा करंट थोडा बदलतो.

करंट म्हणजे फिरती काठी

वणीच्या यात्रेतला आकाशपाळणा डोळ्यांसमोर आणा. तो एकाच वेगाने फिरतोय. एक पाळणा मधल्या आसापेक्षा किती वर किंवा खाली आहे ते क्षणाक्षणाला लिहून काढलं, तर कागदावर लाट उमटते. एसी व्होल्टेज आणि करंट नेमके असेच वरखाली होतात, फक्त सेकंदाला ५० फेऱ्या.

आता त्याच चाकावरचा आणखी एक पाळणा बघा, पहिल्यापेक्षा ४४ अंश मागे. दोघांच्या उंच्या सतत बदलतात, पण दोघांमधला ४४ अंशांचा कोन कधीच बदलत नाही, कारण चाक एकच आहे. फेझरच्या पद्धतीचा सगळा जोर इथं आहे. जे सगळ्यांसाठी सारखं फिरतंय ते लिहायची गरज नाही. चाकाचा एका क्षणी फोटो काढा, आणि त्या फोटोतल्या काठ्यांची लांबी आणि कोन एवढंच लिहा. त्या स्थिर काठीला फेझर म्हणायचं.

गणितात हे असं दिसतं:

i(t) = √2 · I · cos(ωt + φ)  →  फेझर: I∠φ

ω म्हणजे 2π × 50, सुमारे ३१४ रेडियन प्रति सेकंद. √2 यासाठी की टाँग टेस्टर आरएमएस किंमत दाखवतो आणि लाटेचं टोक तिच्या √2 पट असतं. आपण सगळीकडे आरएमएसच वापरू. टोकाची किंमत धरून केलं तरी चालतं, मात्र एका हिशोबात दोन्हींची सरमिसळ केली की उत्तर १.४१ पटीने चुकतं. उत्तर बरोबर १.४ पट जास्त किंवा कमी आलं तर आधी हेच तपासा.

काठीला संख्येचं रूप

काठ्यांची बेरीज कागदावर मापाने काढून करता येते. एकीच्या टोकाला दुसरी जोडा, सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं अंतर मोजा. पण प्रत्येक वेळी कंपास आणि कोनमापक कोण काढणार? म्हणून काठीचे दोन तुकडे करायचे: आडवा आणि उभा. आडवा तुकडा साधी संख्या, उभा तुकडा j लावलेली संख्या. शाळेत याच संमिश्र संख्या i लावून शिकवतात, पण वीजवाल्यांनी i करंटसाठी राखून ठेवलाय म्हणून इथं j.

I∠φ = I·cos φ + j·I·sin φ

j ला गूढ मानायचं काही कारण नाही. j ने गुणणं म्हणजे काठी डावीकडे, घड्याळाच्या उलट दिशेने, ९० अंश वळवणं. दोनदा वळवली की काठी बरोबर उलटी होते, म्हणून j × j = −1. पुढे कॉइल आणि कंडेन्सर आले की हीच ९० अंशांची वळणं उपयोगी पडतात. १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी एसी सर्किटसाठी संमिश्र संख्यांची ही रीत मांडली. त्याआधी हीच सर्किटं कलनाची समीकरणं मांडून सोडवावी लागत.

आता आपल्या वर्कशॉपचं. व्होल्टेज शून्य अंशावर धरू: 230∠0°. हीटर म्हणजे निव्वळ रोध, त्याचा करंट व्होल्टेजच्या बरोबरीने चालतो. म्हणून हीटरचा फेझर सरळ 4.3. मोटरचा करंट मागे पडतो, म्हणून 12∠−φ. φ अजून माहीत नाही, तो शोधायचाय.

तीन रीडिंगवरून कोन

हीटरची काठी आणि मोटरची काठी जोडली की मेनची काठी मिळते. या तीन काठ्यांचा त्रिकोण होतो आणि तिन्ही बाजू आपण मोजलेल्या आहेत: ४.३, १२ आणि १५.४. तीन बाजू माहीत असल्या की कोन ठरतोच. मेनचा करंट It, हीटरचा Ih, मोटरचा Im म्हणू. काठ्या टोकाला टोक जोडल्यामुळे त्रिकोणाच्या आतला कोन १८० − φ होतो, म्हणून दहावी-बारावीतलं कोसाइनचं सूत्र लावलं की:

cos φ = (It² − Ih² − Im²) / (2 · Ih · Im)

cos φ = (15.4² − 4.3² − 12²) / (2 × 4.3 × 12)
      = (237.16 − 18.49 − 144) / 103.2
      = 0.72

म्हणजे φ सुमारे ४४ अंश, आणि मोटरचा पॉवर फॅक्टर ०.७२. दोन करंटची दिशा एकच असती तर बेरीज १६.३ आली असती. एक ४४ अंश मागे असल्यामुळे ती १५.४ आली. पुतण्याने हा आकडा स्वतः काढला आणि पहिल्यांदा टेस्टरकडे आदराने पाहिलं.

या रीतीची मर्यादा मात्र माहीत हवी. मेनचं रीडिंग १५.४ ऐवजी १५.३ धरून बघा: cos φ येतो ०.६९. १५.५ धरलं तर ०.७५. म्हणजे टेस्टरच्या शेवटच्या अंकात एकने फरक पडला तर कोन ४१ ते ४६ अंशांच्या मध्ये कुठंही सरकतो. हीटर मोटरच्या तुलनेत लहान असला की त्रिकोण चिंचोळा होतो आणि ही चूक वाढते. हीटरचा करंट मोटरच्या जवळपास असेल तर चूक निम्म्यावर येते. शक्य असेल तेव्हा दोन किलोवॉटचा हीटर लावून मोजा, वायर आणि एमसीबी तेवढा करंट सोसणारे आहेत याची खात्री करून. आणि टेस्टर ट्रू आरएमएस असेल तर उत्तम. स्वस्तातला टेस्टर लाट शुद्ध साइन आहे असं गृहीत धरून आकडा दाखवतो.

बेरीज करून पडताळा

आता उलट दिशेने जाऊ. मोटर 12∠−44° चे दोन तुकडे:

12·cos 44° = 8.63
12·sin 44° = 8.34
मोटर = 8.63 − j8.34

त्यात हीटर मिळवा. आडवा आडव्यात, उभा उभ्यात:

मेन = (8.63 + 4.3) − j8.34 = 12.93 − j8.34

लांबी = √(12.93² + 8.34²) = 15.4
कोन = −tan⁻¹(8.34 / 12.93) = −32.8°

इथं कॅल्क्युलेटर दोन प्रकारे फसवतो. पहिला प्रकार म्हणजे मोड. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये राहिला असेल तर cos 44 चं उत्तर ०.९९९८ येतं, कारण ४४ रेडियन म्हणजे योगायोगाने जवळजवळ बरोबर सात फेऱ्या. पॉवर फॅक्टर जवळजवळ एक आलाय हे पाहून एखादा खूश होईल आणि पुढचा सगळा हिशोब वाया जाईल. सुरुवातीलाच cos 60 काढून ०.५ येतं का ते बघायची सवय लावा.

दुसरा प्रकार tan⁻¹ चा. आडवा तुकडा ऋण असेल तर कॅल्क्युलेटर चुकीच्या बाजूचा कोन देतो. −5 + j5 ही काठी डावीकडे वर आहे, तिचा कोन १३५ अंश. पण tan⁻¹(5/−5) दाबलं की −४५ येतं, ती दिशा बरोबर उलटी. म्हणून आधी काठी कुठल्या चतुर्थांशात आहे ते मनात काढा, आडवा तुकडा ऋण असेल तर १८० मिळवा. कॅल्क्युलेटरमध्ये Pol आणि Rec बटणं असतील तर ती हे आपोआप सांभाळतात.

आता कंडेन्सर: वायर वाढली, करंट घटला

मोटरच्या −j8.34 कडे नीट बघा. हा करंट मोटरचं चुंबकीय क्षेत्र उभं करतो आणि मोडतो. तो मीटरपासून मोटरपर्यंत ये-जा करतो, वायर तापवतो, पण त्याचं काम शाफ्टवर दिसत नाही. तो उणे j आहे. तेवढाच अधिक j देणारं काही मोटरजवळ बसवलं, तर ही ये-जा दोघांच्यातच होईल आणि मेनच्या वायरीवरचा भार कमी होईल.

अधिक j देतो तो कंडेन्सर. याचं कारण फिरत्या काठीतच आहे. कंडेन्सरचा करंट व्होल्टेज किती वेगाने बदलतंय त्यावर ठरतो, आणि फिरत्या काठीच्या बदलाचा वेग म्हणजे तीच काठी ω ने गुणून ९० अंश पुढे वळवलेली, म्हणजेच jω ने गुणलेली. म्हणून:

Ic = jωC · V

कॉइलमध्ये नातं उलट असतं. व्होल्टेज करंटच्या बदलावर ठरतं, म्हणून V = jωL · I, आणि करंट ९० अंश मागे राहतो. रोधाला j नाही. बस, एसीचे तीन घटक एवढ्यात संपले. व्होल्टेज भागिले करंट याला इम्पिडन्स म्हणायचं आणि ओहमचा नियम जसाच्या तसा वापरायचा, फक्त संख्या संमिश्र.

आपल्याला ८.३४ मधले पाच-सव्वापाच अँपिअर खोडायचे आहेत. सगळेच का नाही, ते पुढे येईल.

C = 5.3 / (314 × 230) = 73 × 10⁻⁶

म्हणजे ७३ मायक्रोफॅरड. बाजारात ७२ मायक्रोफॅरडचा मोटर-रन कंडेन्सर मिळतो, सबमर्सिबल पंपाच्या पॅनेलमध्ये असतो तोच. त्याचा करंट:

Ic = j × 314.16 × 72 × 10⁻⁶ × 230 = j5.2

आता मेन:

12.93 − j8.34 + j5.2 = 12.93 − j3.14
लांबी = √(12.93² + 3.14²) = 13.3

बसवल्यावर आम्ही मोजलं. कंडेन्सरच्या वायरीवर ५.२, आणि मेनवर १५.४ चे १३.३ झाले. आणखी एक वायर जोडली, तिच्यातून पाच अँपिअर वाहतायत, आणि मेनचा करंट दोनने उतरला. साध्या बेरजेत हे बसत नाही, काठ्यांच्या बेरजेत सहज बसतं. ज्यांच्याकडे पायथन आहे त्यांनी हे चालवून बघावं:

```python
import cmath, math
V, w = 230, 2*math.pi*50
motor  = cmath.rect(12, math.radians(-44))
heater = 4.3
cap    = 1j*w*72e-6*V
for I in (motor+heater, motor+heater+cap):
    print(round(abs(I), 2), round(math.degrees(cmath.phase(I)), 1))
```

उत्तर येतं:

```
15.39 -32.8
13.31 -13.6
```

मित्राचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता: "मग बिल किती कमी होईल?" त्याला मी खरं तेच सांगितलं. मोटरच्या आतल्या वायंडिंगमध्ये अजूनही १२ अँपिअरच वाहतायत, मोटर पूर्वीइतकेच वॉट खाते. कमी झालं ते कंडेन्सर आणि मीटर यांच्यामधल्या वायरीचं तापणं. ते करंटच्या वर्गाबरोबर बदलतं, म्हणून पाऊण पटीवर आलं. ज्यांचं बिल निव्वळ किलोवॉट-तासांवर आहे त्यांना बिलात एवढाच फरक दिसेल. ज्यांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा हिशोब धरला जातो त्यांचं गणित वेगळं. घरात प्लगला लावायची जी 'वीज वाचवणारी' डबी विकतात तिच्यात बहुतेक वेळा काही मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. पाच मायक्रोफॅरड धरले तर तो ०.३६ अँपिअर घेतो. घरगुती युनिटच्या बिलात त्याने काही वाचत नाही. हा हिशोब प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्या डबीपायी साध्या माणसांचे पैसे जातात.

कंडेन्सर कुठं आणि किती

हाच कंडेन्सर आम्ही मेन बोर्डावर कायमचा जोडला असता तर? कॉम्प्रेसर बंद झाला, फक्त हीटर चालू राहिला, की बेरीज होते 4.3 + j5.2, म्हणजे ६.७५ अँपिअर. ज्या वायरीत ४.३ वाहायला हवेत तिथं पावणेसात. आणि कॉम्प्रेसर प्रेशर स्विचवर दिवसभर चालू-बंद होत राहतो. म्हणून कंडेन्सर प्रेशर स्विचच्या पुढे, मोटरच्या टर्मिनलवर जोडायचा, मोटरबरोबर लागेल आणि मोटरबरोबर सुटेल असा. कंडेन्सर जोडताना क्षणभर मोठा करंट खेचतो, त्यामुळे स्विचचे पॉइंट चिकटत नाहीत ना यावर पहिले काही दिवस लक्ष ठेवा.

आता सगळे ८.३४ का खोडले नाहीत? एक तर गरज नाही. मोटर आणि कंडेन्सर मिळून 8.63 − j3.14, म्हणजे ९.२ अँपिअर. उरलेले ३.१४ ही खोडले तरी ८.६३ च्या खाली जाता येत नाही. अर्ध्या अँपिअरसाठी दीडपटीहून मोठा कंडेन्सर लागतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सप्लाय तुटल्यावरही फिरत राहिलेल्या मोटरला मोठा कंडेन्सर चुंबकीय करंट पुरवत राहतो आणि मोटर काही क्षण जनरेटरसारखी वागून टर्मिनलवर व्होल्टेज चढवू शकते. म्हणून कंडेन्सरचा करंट मोटरच्या नो-लोड करंटपेक्षा कमीच ठेवतात. नो-लोड करंट पट्टा काढून मोजता येतो.

कंडेन्सरचा प्रकारही चुकवू नका. मोटरवर आधीच असलेला काळा, गोल स्टार्ट कंडेन्सर काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो, मोटरने वेग घेतला की सेंट्रिफ्युगल स्विच त्याला तोडतो. तसला कंडेन्सर कायम जोडला तर फुगतो आणि फुटतो. कायमसाठी ४४० व्होल्ट एसी लिहिलेला फिल्मचा मोटर-रन कंडेन्सरच हवा. त्याच्या दोन टोकांत २२० किलोओहमचा, १ वॉटचा रोध जोडा. बंद केल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात कंडेन्सर ५० व्होल्टच्या आसपास उतरतो. तोवर हात लावू नये, आणि लावायच्या आधी मीटरने बघावं.

वॉट काढताना उलटा कोन

व्होल्टेज आणि करंटचे फेझर थेट गुणले तर कोनांची बेरीज होते. ती चूक आहे. पॉवर ठरते दोन काठ्यांमधल्या फरकावर. व्होल्टेज ३० अंशावर धरलं तर करंट −१४ अंशावर जाईल, बेरीज १६ येईल, फरक मात्र ४४ च राहील. आपण फोटो कुठल्या क्षणी काढला यावर मोटरचे वॉट बदलायला नकोत. म्हणून करंटच्या j चं चिन्ह उलटं करून गुणायचं:

S = V × I* = 230 × (8.63 + j8.34) = 1985 + j1918

१९८५ वॉट खरे, १९१८ ये-जा करणारे व्हीएआर. दोन हॉर्सपॉवरच्या मोटरला आउटपुट सुमारे १४९० वॉट लागतं, त्यामुळे १९८५ इनपुट म्हणजे कार्यक्षमता ७५ टक्के. अशा मोटरसाठी हे पटण्यासारखं आहे. इथं ११०० किंवा ३५०० असा आकडा आला असता तर मी पुढे न जाता रीडिंगच परत घेतली असती.

मळ्यातल्या केबलवर व्होल्टेजचीही तीच गत

समजा असलीच मोटर दिंडोरीच्या एखाद्या द्राक्षमळ्यात, मीटरपासून १५० मीटरवर विहिरीवर आहे. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम, जाऊन-येऊन ३०० मीटर म्हणजे १.३८ ओहम. मोटरचा इम्पिडन्स 230/12 = 19.17∠44°, म्हणजे 13.79 + j13.31. मालेत जोडलेले इम्पिडन्स मिळवायचे:

Z = 1.38 + 13.79 + j13.31 = 15.17 + j13.31 = 20.18∠41.3°
I = 230 / 20.18 = 11.4

केबलवर 11.4 × 1.38 = 15.7 व्होल्ट, मोटरवर 11.4 × 19.17 = 218.5 व्होल्ट. दोघांची साधी बेरीज २३४.२ येते, सप्लाय २३० असताना. मीटर पुन्हा बरोबर आहे. मोटरचं व्होल्टेज आणि केबलचं व्होल्टेज एका रेषेत नाहीत एवढंच.

पण इथं एक सावधगिरी. खरी मोटर म्हणजे ठरावीक इम्पिडन्स नव्हे. पंपावर लोड तेवढंच असेल तर व्होल्टेज बसल्यावर मोटर जास्त करंट ओढते, ११.४ नाही, १२ च्या वर. मोटरने पंपाला तेवढीच पॉवर द्यायची म्हणजे ते ओघाने आलंच. सुरू होतानाचा करंट तर कितीतरी पट असतो. फेझर तुम्हाला त्या एका चालत्या स्थितीचा हिशोब देतो. स्थिती बदलली की नवे आकडे घेऊन परत करा.

फेझर कुठं चालत नाही

आकाशपाळण्याचं उदाहरण चाक एकच असताना खरं. ५० हर्ट्झ आणि १५० हर्ट्झ ही दोन वेगवेगळी चाकं, त्यांच्या पाळण्यांमधला कोन सतत बदलतो, म्हणून त्यांचे फेझर मिळवता येत नाहीत. प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा हिशोब वेगळा करायचा आणि शेवटी आरएमएसच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. एलईडीचे ड्रायव्हर, व्हीएफडी, संगणक यांच्या करंटमध्ये १५०, २५० हर्ट्झचे भाग भरपूर असतात. त्या बोर्डावर तीन रीडिंगची रीत वापरली तर cos φ चुकीचा येतो, आणि टेस्टर ट्रू आरएमएस नसेल तर चूक आणखी वाढते.

हे ओळखायला कंडेन्सरच उपयोगी पडतो. कंडेन्सरचा करंट फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो, १५० हर्ट्झला तो त्याच व्होल्टेजवर तिप्पट घेतो. म्हणून व्होल्टेज २३० असताना ७२ मायक्रोफॅरडवर ट्रू आरएमएस टेस्टर ५.२ ऐवजी सहाच्या वर दाखवत असेल, तर लाइनमध्ये असल्या जादा फ्रिक्वेन्सी, म्हणजे हार्मोनिक्स, आहेत आणि कंडेन्सर जास्त तापणार. उलट ४.३ दाखवत असेल तर कंडेन्सर थकलाय:

C = 4.3 / (314.16 × 230) = 59.5 × 10⁻⁶

साडेएकोणसाठ मायक्रोफॅरड उरले. पुतण्याने आता बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख, व्होल्टेज आणि कंडेन्सरचा करंट असं खडूने लिहायला सुरुवात केली आहे. पहिली ओळ आहे: २३० व्होल्ट, ५.२.